नवसाबाईंच्या पाठाच्या आदल्या दिवशी

रंगनाथ गुरुजींना दोन गोष्टी कधीच पचल्या नाहीत. एक, वालाच्या डाळिंब्या. दुसरी, नवसाबाई.

डाळिंब्यांवर ओवा चालायचा. नवसाबाईंवर औषध नव्हतं, कारण त्या राहायच्याच त्याच कॉलनीत, दोन दारं सोडून. नाशिक रोडच्या त्या बैठ्या खोल्यांत एका नळावर अठरा घरं पाणी भरत, आणि गुरुजींची बायको साळूबाई रोज हंडा भरून आणताना त्यात नवसाबाईंची एखादी गोष्टही भरून आणायची.

"अहो, ऐकलं का? विहारातल्या अभ्यासवर्गात नवसाबाईंनी काल पोरांना संधी इतका छान समजावला म्हणे, की दाराशी बसलेल्या बायकासुद्धा शिकल्या."

"बायका संधी शिकून करणार काय?" गुरुजी दाढीच्या आरशातून विचारत.

"ते मला काय माहीत? पण शिकल्या."

गुरुजींचा वस्तरा तिथंच चुकायचा. त्या वर्षी त्यांच्या हनुवटीवर जितके काप पडले, त्यातले निम्मे नवसाबाईंच्या नावावर धरायला हरकत नाही.

आता हे दोघं एकमेकांच्या वाटेत आले कसे, ते सांगायला हवं. साल अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचं. गुरुजी बत्तीस वर्षांचे, हरसूलकडच्या एका वाडीवर आठ वर्षं अप्रशिक्षित शिक्षक. शनिवारी दुपारी एसटीने घरी यायचं, सोमवारी पहाटे परत जायचं. पोरगी मंदा चालायला कधी लागली, बोलायला कधी लागली, हे त्यांना साळूबाईच्या तोंडून कळलं. शेवटी दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला त्यांचा नंबर लागला आणि अध्यापक विद्यालय निघालं घरापासून चालत वीस मिनिटांवर. दोन वर्षं माणूस रोज घरी जेवला. एकदा अशी चटक लागली की कुणाला परत डोंगरात जावंसं वाटेल?

आणि न जाण्याची एक वाट होती. विद्यालयाला जोडून सरावशाळा होती. तिथले एक वयस्क गुरुजी त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि संस्थेचा रिवाज असा की रिकाम्या जागेवर भाषेच्या वार्षिक पाठात जो पहिला येईल त्याला बोलवायचं. जागा एक. डोळा ठेवून असणारे चाळीस. पण खरे दोनच, रंगनाथ गुरुजी आणि त्यांच्याच वर्गात शिकणाऱ्या नवसाबाई.

गुरुजींचं व्याकरण म्हणजे पाठ केलेली आरती. कुठल्याही व्याख्येचं पहिलं अक्षर उच्चारा, पुढची ते डोळे मिटून म्हणून दाखवत. फळ्यावरचं अक्षर असं, की पुसणाऱ्याला पाप लागावं. टाचण, म्हणजे पाठ कसा घ्यायचा त्याची आधी लिहून द्यायची वही, तीन रंगांच्या शाईत. नवसाबाईंचं सगळं उलटं. वर्गात उशिरा येणार, पदराला खडू, फळ्यावरची ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरलेली. वर तोंड तिखट. एकदा गुरुजींनी अध्यापन-पद्धतीच्या तासाला क्रियाविशेषणाची व्याख्या धडाधड म्हणून दाखवली, तर बाई मागून म्हणाल्या, "गुरुजी, एसटीचं वेळापत्रक म्हटलंत. गाडी कधी येणार?"

सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले, पण त्या रात्री जेवले नाहीत.

खरं दुखणं तरी वेगळंच होतं. ही बाई जे सांगायची ते पोरांना कळायचं. गुरुजींना आठ वर्षांच्या नोकरीनंतर हे कळत होतं की आपण सांगतो ते पोरांना पाठ होतं. कळतं की नाही, ते विचारायचं धाडस त्यांनी कधी केलं नव्हतं.

वार्षिक पाठ मार्चात सुरू झाले. बाहेरून परीक्षक आले होते, बागलाणाकडचे जायखेडकर सर. उंच, सुपारी चघळणारे, कमी बोलणारे. गुरुजींचा पाठ सोमवारी झाला, विशेषणावर. एक काना चुकला नाही. घंटा झाली तेव्हा शेवटचं वाक्य संपत होतं. जायखेडकरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि "ठीक" म्हणाले. गुरुजींनी त्या एका 'ठीक'चे घरी जाईपर्यंत सतरा अर्थ लावले, सगळे चांगले.

नवसाबाईंचा पाठ बुधवारी होता.

मंगळवारी सकाळी टाचणवह्या सहीसाठी प्राचार्यांकडे न्यायचं काम गुरुजींचं, कारण ते वर्गप्रतिनिधी. गठ्ठ्यात सगळ्यात वर नवसाबाईंची वही. उघडायची नव्हती. पण वाऱ्याने पान उलटलं, असं गुरुजी स्वतःला नंतर सांगत राहिले. खोलीत खिडकी नव्हती, तरी सांगत राहिले.

इयत्ता पाचवी. घटक : कर्मणी प्रयोग. पद्धत उद्गामी. म्हणजे आधी नियम सांगायचाच नाही. उदाहरणं पुढे ठेवायची, पोरांना बघू द्यायचं, आणि नियम त्यांच्या तोंडून काढून घ्यायचा. सगळा पाठ त्या एका क्षणावर उभा. पोरं म्हणाली "अय्या, हे असं आहे होय!" की पाठ जिंकला.

गुरुजी वहीकडे बघत राहिले आणि त्यांच्या मनात एक बारीक किडा वळवळला. पोरांना नियम आधीच माहीत असेल तर?

किडा तिथंच मेला असता. पण दैवालाही गंमत लागते. दुपारी पाचवीचे वर्गशिक्षक तापाने घरी गेले आणि मुख्याध्यापक ओसरीत भेटले ते नेमके गुरुजींना. "रंगनाथराव, जरा एक तास वर्ग सांभाळता?"

गुरुजींनी वर्ग सांभाळला. असा सांभाळला की विचारू नका.

आता सरावशाळेतली पोरं म्हणजे काय चीज असते, ते ठाऊक असायला हवं. वर्षभर रोज नवा मास्तर, रोज नवा पाठ. एकच कविता अकरा जणांकडून ऐकलेली. चौथीपासूनच ती पोरं परीक्षकाचा चेहरा वाचतात. पहिल्या बाकावरचा भिकन तर नव्या मास्तराला सरळ विचारायचा, "गुरुजी, आम्हाला येतंय म्हणायचं का येत नाही म्हणायचं?"

त्या दिवशीही विचारलंच.

"येतंय म्हणायचं," गुरुजी म्हणाले. "येतंयच म्हणायचं. म्हणा माझ्यामागं. क्रियापदाचे रूप कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते, तेव्हा कर्मणी प्रयोग होतो."

पोरांनी म्हटलं. वीस वेळा म्हटलं. पाढ्याच्या चालीवर म्हटलं. आणि शेवटी, पक्कं बसावं म्हणून, गुरुजींनी वाडीवरच्या पोरांना द्यायचे तो आडाखाही दिला. "अरे, कर्त्याला 'ने' दिसला ना, की डोळे मिटून कर्मणी लिहायचं. 'ने' नाही, तर कर्तरी. झालं!"

"एवढंच?" भिकन म्हणाला.

"एवढंच. आणि उद्या बाईंनी कर्मणीचं काही विचारलं, की थांबायचं नाही. धडाधड सांगायचं. बाई खूश होतील."

घरी आले तर साळूबाईने विचारलं, "आज चेहरा कसा फुललाय? डाळिंब्या केल्यात, खाणार?"

"वाढ," गुरुजी म्हणाले. आणि दोन वाट्या खाल्ल्या.

बुधवारी गुरुजी वर्गात मागच्या बाकावर निरीक्षणवही घेऊन बसले. एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून गुण आणि दोष लिहायचे, हा नियम. 'दोष'च्या रकान्यात त्यांनी आधीच शिसपेन्सिलीने आकडे घालून ठेवले होते, एक ते दहा. शेजारी जायखेडकर सर.

नवसाबाई आल्या. आज वेळेवर. हातात पुठ्ठ्याच्या शब्दपट्ट्यांची पिशवी, वापरून वापरून कोपरे मऊ झालेल्या. फळ्याच्या खाचेत त्यांनी तीन पट्ट्या लावल्या. 'सखूने', 'भाकरी', 'खाल्ली'. वर्गात सखू नावाची पोरगी होती, ती लाजून खाली बघायला लागली.

"बघा बरं," बाई म्हणाल्या, "या वाक्यात..."

"क्रियापदाचे रूप कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते तेव्हा कर्मणी प्रयोग होतो!" अख्खा वर्ग. एका सुरात. पाढ्याच्या चालीवर.

पाठ सुरू होऊन अर्धं मिनिट झालं होतं, आणि पाठ संपला होता.

गुरुजींनी मान खाली घातली. ओठ दाबले. पोटात असा काही गारवा पसरला की विचारता सोय नाही. जायखेडकरांच्या तोंडातली सुपारी थांबल्याचं त्यांना जाणवलं.

बाईंनी पोरांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या सही झालेल्या टाचणवहीकडे. मग ती वही मिटली आणि पालथी घातली. सही झालेल्या टाचणापासून हलायचं म्हणजे परीक्षकाच्या देखत पायरी सोडायची. गुरुजींना हर्षाने खोकला आला.

"छान," बाई म्हणाल्या. "नियम आला तुम्हाला. आता मला सांगा, तो खरा कशावरून?"

हे कुणी पाठ करून दिलं नव्हतं.

"गुरुजींनी सांगितलं म्हणून खरा?" बाईंनी विचारलं.

भिकनने मागच्या बाकाकडे पाहिलं. गुरुजींचे कान पेटले. पण मुरलेलं पोर ते, बोललं काही नाही.

"सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, पण तपासून. घरात कुणाचं चालतं, हे कसं ओळखाल? माणसं बदलून बघायची. एकाला उठवायचं, दुसऱ्याला बसवायचं, आणि कुणाला हलवलं की घर हलतं ते बघायचं. भिकन, ये. सखूला उठव आणि तू बस."

भिकनने 'सखूने' काढून 'भिकनने' लावलं. भिकनने भाकरी खाल्ली.

"क्रियापद हललं?"

"नाही!"

"मुलीच्या जागी मुलगा आला, तरी क्रियापद ढिम्म. म्हणजे कर्त्याचं चालत नाही. आता भाकरीला उठवा. लाडू बसवा."

भिकनने भाकरी काढली, लाडू लावला, आणि मग 'खाल्ली'कडे बघून त्याचा हात थांबला. "लाडू खाल्ली... नाही. खाल्ला!"

"आणि पाच पेरू?"

"खाल्ले!" सखू ओरडली. लाज कुठल्या कुठे.

"मग या घरात कुणाचं चालतं?"

"जे खाल्लं त्याचं!"

"त्यालाच कर्म म्हणतात. आता तुमचा नियम म्हणा, आता तो तुमचा."

पोरांनी म्हटला. या वेळी चाल नव्हती. एकेक पोर शब्दावर थांबून, जणू प्रत्येक शब्द हाताने चाचपून म्हणत होतं. गुरुजींनी आठ वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. पोटातला गारवा गेला आणि त्या जागी निखारा आला.

मग बाईंनी 'भिकनने सखूला चिडवले' लावलं, आणि भिकन पटकन म्हणाला, "ने आहे. कर्मणी."

"बदलून बघ."

त्याने सखूच्या जागी गोटीराम बसवला, गोटीरामच्या जागी सगळी पोरं. चिडवले, चिडवले, चिडवले. स्वतःला उठवून सखूला बसवलं. तरी चिडवले.

"इथं कुणाचंच चालत नाही!" तो म्हणाला.

"त्याला भावे म्हणतात. त्याचा धडा उद्या. आज एवढंच लक्षात ठेवा, की 'ने' दिसला म्हणून कर्मणी होत नाही."

भिकन जागेवर गेला, पण त्याला मास्तराचा आडाखा सोडवेना. "बाई, पण 'ने' नसला तर कर्तरीच ना? 'मी भाकरी खाल्ली' यात 'ने' नाही. म्हणजे कर्तरी."

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घंटा झाली.

गुरुजींनी 'दोष'च्या रकान्यात पाहिलं. दहा आकडे, समोर कोरं. शेवटी त्यांनी एकासमोर लिहिलं, 'फळ्यावरील ओळ तिरकी.' लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

दुपारी तोंडी परीक्षा. रंगनाथ गुरुजी आत गेले तेव्हा जायखेडकर सर नवी सुपारी कातरत होते.

"बसा. सकाळी पाचवीत होतात ना? त्या पोराने विचारलेलं आठवतं? 'मी भाकरी खाल्ली' हे कर्तरी, कारण 'ने' नाही. त्याचं चुकलं कुठे?"

"सर, सकर्मक धातूच्या भूतकाळी रूपात, कर्ता प्रथमपुरुषी असता, तृतीयेचा प्रत्यय..."

"हे मला सांगितलंत. मला येतं. पोराला काय सांगाल?"

गुरुजींच्या तोंडात व्याख्यांची रांग उभी होती आणि एकही पुढे व्हायला तयार नव्हती. बाहेर सरावशाळेची मधली सुट्टी चालली होती. जागा, घर, मंदा, सोमवारची पहाटेची एसटी, सगळं त्या एका प्रश्नाच्या पलीकडे. आणि उत्तर त्यांना येत होतं. सकाळीच आलं होतं. पण ते दुसऱ्याच्या पिशवीतलं होतं, मऊ कोपऱ्यांचं.

"त्याला म्हणेन... भाकरीला उठव. लाडू बसव."

"बरं?"

"मी लाडू खाल्ला. क्रियापद हललं. मग म्हणेन, हेच वाक्य सखूला म्हणू दे. तीही म्हणेल, मी लाडू खाल्ला. बोलणारा बदलला, क्रियापद हललं नाही. म्हणजे चालतं लाडवाचं. 'ने' दिसो न दिसो, कर्मणीच." आणि मग, जीव जात असल्यासारखं, "'ने' ही नुसती खूण, सर. नियम नव्हे. पोराला कुणीतरी खूणच नियम म्हणून दिली, म्हणून तो चुकला."

जायखेडकरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कुणी दिली असेल?"

सरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"सोमवारच्या पाठात हे कुठे होतं?" एवढंच म्हणाले. "तेव्हा दिसलं असतं, तर आज पहिलं नाव लिहिताना मला विचार पडला असता."

निकाल लागला. नवसाबाई पहिल्या, गुरुजी दुसरे. कॉलनीत पेढे दोन्ही घरांतून वाटले गेले. नवसाबाईंचे जरा मोठे होते, हे साळूबाईने सांगायची काही गरज नव्हती, पण तिने सांगितलं. जूनमध्ये बाई सरावशाळेत रुजू झाल्या, आणि गुरुजी पेटी घेऊन पुन्हा हरसूलच्या एसटीत चढले. आता प्रशिक्षित. पगारात वाढ, पण रविवार तेवढेच.

वाडीवर गुरुजींनी जुना आडाखा पुन्हा कधी दिला नाही. पहिल्याच पावसाळ्यात पुठ्ठा आणून पट्ट्या कापल्या. नवसाबाईंच्या होत्या तशा नव्हे. कडेला लाल रेघ, वळणदार अक्षर, कोपरे कात्रीने गोल केलेले. भाकरी आणि लाडू मात्र त्यांनी कटाक्षाने टाळले. नागली आणि करवंदं घातली. 'लहानूने नागली पेरली' आणि 'लहानूने करवंद खाल्लं' यावर वाडीची पोरं डोलायला लागली, तशी गुरुजींना वाटलं, आता हे आपलं झालं. आठवडाभर वाटलं. शनिवारी नळावर बाई दिसल्या आणि परत वाटेना.

ब्याऐंशी साली मंदा पाचवीत गेली. सरावशाळेत, अर्थात. साळूबाईने नाव घातलं, गुरुजींना एका शनिवारी कळवलं. वर्गशिक्षिका नवसाबाई. गुरुजी म्हणाले, "दुसरी तुकडी नव्हती का?"

"होती. पण तिथं शिकवणारं कुणी नव्हतं," साळूबाई म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गुरुजी दमून आले, तर मंदा पाटीवर वाक्यं मांडून बसलेली.

"बाबा, प्रयोग कसा ओळखायचा माहिते? एकाला उठवायचं, दुसऱ्याला बसवायचं."

"माहीत आहे मला."

"आणि कोण हललं की क्रियापद हलतं..."

"माहीत आहे म्हटलं ना!"

"बाई म्हणाल्याच, तुझ्या बाबांना माहीत असणार." मंदा पाटी पुसत सहज म्हणाली. "आज त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं, माझ्या परीक्षेच्या पाठाच्या आदल्या दिवशी मंदाच्या बाबांनी पोरांना नियम पाठ करून दिला होता, म्हणून माझा पाठ इतका चांगला झाला. नाहीतर मी नुसतीच उदाहरणं देत बसले असते. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला कसलं भारी वाटलं!"

स्वयंपाकघरात साळूबाईच्या हातातली पळी थांबली. मग पुन्हा फिरायला लागली, जरा हळू.

गुरुजी पायरीवर येऊन बसले. म्हणजे बाईंना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या सकाळी पाठ झाल्यावर भिकननेच सांगितलं असणार. जवळजवळ चार वर्षं नळावर, ओट्यावर, दिवाळीच्या फराळाला ही बाई समोर येत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती. आणि बोलली ती अशी, की पोरगी फुशारून घरी यावी. हे आभार होते की टोला? आभार असतील, तर त्यांच्याहून मोठ्या मनाची निघाली. टोला असेल, तर त्यांच्याहून तरबेज. दोन्हीकडून बाई वरच.

दोन दारं पलीकडे नवसाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"आलात का गुरुजी? कशी काय तुमची वाडी?"

"चाललंय," गुरुजी म्हणाले. विचारायचं होतं ते जिभेवर आलं, दातांना लागलं आणि परत गेलं. मग त्यांनी पिशवीतून आपल्या पट्ट्या काढल्या, लाल रेघेच्या, आणि पायरीवर उगाचच एकापाठोपाठ एक मांडायला लागले. बाईंना तिथून दिसतील अशा बेताने, पण दाखवतोय असं वाटू नये अशा.

बाईंनी तिथूनच बघितलं. सूप बाजूला ठेवलं, उठून आल्या, एक पट्टी उचलून तिचा गोल कोपरा अंगठ्याने चाचपला.

"सुरेख केल्यात हो," म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगल्या. सोमवारी शाळेसाठी उसन्या देता? माझ्या अगदीच विटल्यात."

गुरुजींनी पट्ट्या गोळा केल्या, चार वेळा कडेला कड जुळवली आणि दिल्या. देताना म्हणाले, "नागलीची पट्टी जपून. तिचा कोपरा नाजूक आहे."

सोमवारी पहाटे एसटीत बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आज वाडीवर प्रयोगच शिकवायचा होता.